छायाचित्रावरून तंबूचा प्रकार ओळखणे
(इयत्ता सहावी व सातवी, दोन तासिका)

शालेय शिबिरासाठी तंबू आणावयाचा झाल्यास हल्ली प्रत्यक्ष तंबूच्या आधी त्याचे छायाचित्रच शिक्षकाच्या हाती येते. भाड्याने देणारा दुकानदार ते फोनवर पाठवितो व त्याखाली ‘चार माणसांचा’ एवढाच मजकूर असतो. चार माणसे आत मावतील की नाही हा प्रश्न पुढचा. आपल्या शिबिराच्या जागी तो तंबू मुळात उभा राहील काय, हा पहिला. रत्नागिरीकडील सड्यावर वीतभर मातीखाली जांभा लागतो, आणि घाटमाथ्यावरील अनेक पठारांवर तर उघडा काळा कातळच असतो. तेथे मेख शिरत नाही. काही तंबू मेखांवाचून आपल्या पायांवर उभे राहतात. काही मेखा काढताच भुईसपाट होतात. दोन्ही प्रकार चित्रात बाहेरून सारखेच गोलसर व गोजिरे दिसतात. त्यांतील भेद चित्रावरूनच ओळखता यावा, एवढाच प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

प्रथम काही शब्द फळ्यावर लिहून त्यांचा अर्थ स्पष्ट करावा. तंबूला आकार देणारी जी उभी व ताठ, तिला आपण खांब म्हणू; जी वाकवून कमानीसारखी बसवितात, तिला काठी म्हणू. सर्वांत बाहेरचे, पावसाचे पाणी झेलणारे कापड म्हणजे बाह्यपट; दुकानदार त्यास ‘फ्लाय’ म्हणतात. त्याच्या आत झोपावयाची जी खोली असते ती आतली खोली. बाह्यपट दारासमोर पुढे ओढून जी जागा झाकलेली असते, तिला पडवी म्हटल्यास मुलांस लगेच उमगते. जमिनीत ठोकावयाची ती मेख, आणि कापडापासून मेखेपर्यंत ताणलेली दोरी म्हणजे तणावा. आढे व पाखे हे शब्द मुलांच्या घरच्या छपरातलेच असल्यामुळे त्यांचा अर्थ सांगण्याची गरज पडणार नाही.

ओळखीच्या प्रकारापासून आरंभ करावा. राहुटी मुलांनी पाहिलेली असते. दोन टोकांना दोन खांब, मध्ये सरळ आढे, दोन्ही अंगांना उतरते पाखे आणि पाख्यांच्या कडेने ओळीने मेखा. ‘या राहुटीच्या सर्व मेखा उपटल्या तर काय होईल?’ असा प्रश्न विचारावा. ती पडेल, हे उत्तर वर्गातून सहज येते. ‘का पडेल?’ या प्रश्नाला मात्र थोडा वेळ द्यावा. खांबांना दोन्ही बाजूंनी दोऱ्या व पाखे ओढून धरतात म्हणून ते उभे असतात. ओढणारे गेले की खांबही कलतो. म्हणजे राहुटीत खांब केवळ उंची देतात, उभे ठेवण्याचे काम मेखा करतात. पुढे प्रत्येक चित्राला हाच प्रश्न विचारावयाचा असल्याने तो येथे पक्का झाला पाहिजे.

एकाच खांबाच्या तंबूचे एक प्रसिद्ध छायाचित्र मिळण्यासारखे आहे. नॉर्वेचा संशोधक ॲमुंडसेन व त्याचे चार सोबती १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. तेथे त्यांनी एक लहानसा तंबू उभारून मागे ठेवला. त्या तंबूकडे पाहत उभ्या असलेल्या चौघांचे चित्र बियॉलंड या त्यांच्यातीलच पाचव्याने टिपले. त्यात आढे कोठेच दिसत नाही. सर्व बाजूंचे कापड वरच्या एकाच बिंदूपासून खाली उतरते, आणि त्याच बिंदूच्या वर काठी निघून तिच्यावर निशाण फडकते आहे. एवढ्या दोन खुणांवरून आतला खांब दिसत नसतानाही ‘खांब एक, तोही मध्यभागी’ असे निश्चयाने म्हणता येते. पुढे १८ जानेवारी १९१२ रोजी स्कॉटची तुकडी त्या तंबूपाशी आली, तेव्हा तो एकाच बांबूवर उभा असल्याची नोंद स्कॉटने आपल्या रोजनिशीत केली आहे. चित्रावरून काढलेले अनुमान असे लेखी पुराव्याशी ताडून पाहता येते, म्हणून हे चित्र वर्गात वापरण्याजोगे आहे. असा तंबूही भोवतालच्या बंधनांवाचून उभा राहत नाही, हे मुलांकडून वदवून घ्यावे.

आता मुख्य विषयाकडे वळू. आजच्या बाजारातील बहुतेक तंबू खांबांचे नसून वाकविलेल्या काठ्यांचे असतात, आणि त्यांचे दोन मोठे वर्ग पडतात. एकात काठ्या माथ्यावर एकमेकींस छेदतात. त्यास घुमट म्हणू. बाजारात त्याला ‘डोम’ म्हणतात. दुसऱ्यात काठ्या बैलगाडीच्या टपाच्या कमानींप्रमाणे एकामागे एक समांतर उभ्या असतात, कोणतीही काठी दुसरीस छेदत नाही. त्यास बोगदा म्हणू. बाजारी नाव ‘टनेल’. घुमटास चार पाय असतात, आणि दोन कमानींच्या बोगद्यासही चारच. म्हणून केवळ जमिनीला टेकलेली टोके मोजून भागत नाही. काठ्यांची वाट शेवटपर्यंत पाहावी लागते.

दोहोंतील फरक सांगून समजावण्यापेक्षा करून दाखवावा. गोणपाटाचा ४० सेंटीमीटर बाजूचा चौरस कापावा व त्याच्या चारी कोपऱ्यांत सुतळीचे छोटे फास शिवावेत. बांबूच्या पातळ, लवचीक अशा दोन कामट्या प्रत्येकी सुमारे ७५ सेंटीमीटर लांबीच्या घ्याव्यात. पहिली कामटी एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात वाकवून बसवावी, दुसरी उरलेल्या दोन कोपऱ्यांत. जेथे त्या माथ्यावर भेटतात तेथे सुतळीने बांधावे. सुमारे २० सेंटीमीटर उंचीचा घुमट तयार होतो. तो उचलून मेजावर ठेवला, मेजावरून खिडकीत ठेवला, तरी तो तसाच राहतो. वाकविलेली कामटी सरळ होऊ पाहते आणि आपले दोन्ही पाय बाहेर ढकलते. गोणपाट ते पाय धरून ठेवते. दोन्ही कर्णांवर हे ढकलणे चालू असल्यामुळे गोणपाट चारही कोपऱ्यांकडे ताणलेले राहते, आणि माथ्यावरची गाठ एका कामटीला दुसरीच्या आधाराने उभे ठेवते.

मग त्याच कामट्या सोडवून चौरसाच्या समोरासमोरील दोन बाजूंवर बसवाव्यात. आता पायांतील अंतर कमी झाल्याने कमानी थोड्या उंच होतील. हात सोडताच त्या पुढे किंवा मागे लवंडतील. प्रत्येक कमान आपल्या बाजूची गोणपाटाची कड ताणते खरी, पण एका कमानीकडून दुसऱ्या कमानीकडे जी दिशा जाते, त्या दिशेला ताणणारे काहीच नाही. आता दोन मुलांनी दोन्ही टोकांकडून कमानींच्या माथ्याला दोरा बांधून विरुद्ध दिशांना ओढून धरावे. कमानी ताठ उभ्या राहतील. दोरा धरणारी ही दोन मुले म्हणजेच बोगद्याच्या टोकांच्या मेखा होत. हे एकदा पाहिलेला विद्यार्थी बोगदा आणि घुमट यांत पुन्हा गोंधळत नाही, असा पुष्कळ शिक्षकांचा अनुभव आहे. प्रतिकृतीला दहा मिनिटे पुरतात. कामट्या आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ठेवाव्यात, म्हणजे वाकविताना मोडत नाहीत.

दुसऱ्या तासिकेत छायाचित्रे घ्यावीत. चित्रातील तंबूवर बाह्यपट चढविलेला असतो आणि काठ्या बहुधा त्याच्या खाली दडलेल्या असतात. तथापि काठी आपली खूण लपवीत नाही. जेथे काठी असेल तेथे कापड उचललेले दिसते आणि दोन काठ्यांच्या मध्ये ते किंचित खोलगट पडते. उजेड एका बाजूने येत असेल तर त्या उंचवट्याच्या एका अंगास प्रकाश व दुसऱ्यास सावली दिसते. कित्येक तंबूंत काठी जेथून जाते त्या शिवणीवर निराळ्या रंगाची पट्टीही असते. मुलाने पायापासून आरंभ करून बोटाने ती रेघ वर न्यावी, माथा ओलांडावा व पलीकडे ती कोठे उतरते ते पाहावे. पलीकडची बाजू चित्रात नसेल, तर अलीकडच्या वळणावरून तिची दिशा ठरवावी. माथ्याकडे जाताना रेघ समोरच्या तिरप्या कोपऱ्याकडे कलली तर ती घुमटाची. तंबूच्या लांबीशी काटकोन करून सरळ पलीकडे गेली तर बोगद्याची.

काठ्या किती ठिकाणी छेदतात तेही मोजावे. एकच छेद असेल तर साधा घुमट. दोन मुख्य काठ्यांखेरीज पुढच्या अंगास तिसरी काठी असून ती त्या दोहोंना छेदत असेल, तर छेद तीन होतात. अशा तंबूचा पुढचा भाग अधिक ताठ असतो व तो वारा अधिक सोसतो. चार किंवा त्याहून अधिक छेद असतील तर काठ्यांमधील कापड त्रिकोणात्रिकोणांनी विभागलेले दिसते. त्रिकोण दाबला असता आकार बदलत नाही, हे मुले भूमितीत शिकलेलीच असतात. उंच पर्वतावरील वादळी जागी हेच तंबू नेतात. अमेरिकेतील बकमिन्स्टर फुलर यांच्या अशाच त्रिकोणी बांधणीच्या घुमटांवरून स्फूर्ती घेऊन १९७५ साली हा प्रकार तंबूंत बाजारात आला. आपल्या शिबिराला त्याची गरज नाही, आणि भाडेही जास्त पडते.

बाह्यपटाकडे दोन गोष्टींसाठी पाहावे. पहिली, तो जमिनीपर्यंत उतरतो की मध्येच थांबतो. पुष्कळ स्वस्त घुमटांवर तो टोपीसारखा केवळ माथ्यावर असतो आणि खाली आतल्या खोलीचे कापड, कधी जाळीही, उघडी दिसते. डिसेंबरातील शिबिराला एवढे पुरते. पावसाळ्यात मात्र सह्याद्रीवरचा पाऊस सरळ न पडता वाऱ्याबरोबर आडवा येतो. तेव्हा टोपीचा तंबू रात्रीतून आत भिजतो. दुसरी गोष्ट, बाह्यपट व आतली खोली यांत अंतर आहे किंवा नाही. झोपलेल्यांच्या श्वासातील वाफ थंड बाह्यपटावर जमून थेंब होतात. दोन्ही कापडे परस्परांस चिकटली असली तर हे पाणी आत झिरपते, आणि मुले ‘तंबू गळतो’ अशी तक्रार करतात. चित्रात बाह्यपट ढिला पडून आतल्या खोलीच्या कडा त्यातून उमटलेल्या दिसल्यास ती जोडी चिकटलेली समजावी. दोष तंबूचा नसून ताणण्याचा असणे अधिक संभवते.

यानंतर मेखा. चित्रात मेख स्वतः गवतात लपते, पण तिच्याकडे जाणारी दोरी किंवा कापडाचे टोकदार ओढलेले टोक दिसते. प्रत्येक जागेला विचारावे : ही मेख तंबू उभा ठेवते, की केवळ वाऱ्यासाठी आहे? घुमटाच्या चार कोपऱ्यांतील मेखा तंबूला जागेवरून हलू देत नाहीत, परंतु त्या नसल्या तरी तो पडत नाही. भिंतीच्या मधल्या उंचीवरून निघणारे तणावे वाऱ्यासाठी असतात. बोगद्याच्या दोन टोकांच्या मेखा मात्र त्याचा प्राण होत. आणि पडवीच्या टोकाची मेख ही तिसरी जात. घुमट मेखांवाचून उभा राहिला तरी त्याची पडवी बहुधा राहत नाही. ती काढताच पुढचे कापड दारावर लोंबते. दुकानदार ज्यास ‘मेखांशिवाय उभा राहणारा’ म्हणतो, त्याविषयी हा खुलासा मागून घ्यावा. शिवाय मेखांशिवाय उभा राहतो म्हणजे मेखा लागतच नाहीत असे मुळीच नव्हे. पठारावरच्या वाऱ्यात रिकामा घुमट चेंडूसारखा लोळत जातो. मेख मारता येत नसेल तर निदान आत सामानाचे वजन ठेवावे.

आता एक चित्र सबंध वाचून पाहू. हिरवळीवर उभारलेला निळा तंबू. चित्र लांब बाजूने, किंचित कोपऱ्यावरून घेतले आहे. दार उजव्या टोकाला. एकंदर आकार गोलसर असल्यामुळे वर्गातील बहुतेक मुले पहिल्या दृष्टीस ‘घुमट’ म्हणतील. त्यांना थांबवू नये, ते उत्तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.

पाय मोजावेत. अलीकडच्या बाजूस करड्या पट्टीच्या तीन रेघा जमिनीस टेकतात, त्यांतील अंतरे जवळजवळ समान. घुमटाचे पाय कोपऱ्यांत असतात. लांब बाजूच्या ऐन मध्यावर एक पाय आला, हीच पहिली शंकेची जागा. रेघा वर न्याव्यात. तिन्ही सरळ माथ्यावर जातात, एकही शेजारणीकडे कलत नाही, छेद एकही नाही. मधली कमान सर्वांत उंच, बाजूच्या दोन ठेंगण्या. त्यामुळेच गोलाईचा भास झाला. दोन कमानींमध्ये माथ्याची रेघ थोडी खाली बसली आहे; छेदणाऱ्या काठ्यांच्या माथ्यावर असा झोळ सहसा दिसत नाही. मग टोके पाहावीत. दोन्ही टोकांना कापड शेवटच्या कमानीपासून तिरपे जमिनीकडे ओढलेले असून प्रत्येक टोकास दोन टोकदार कोपरे आहेत, आणि डाव्या टोकापासून एक तणावा तंबूच्या लांबीच्याच दिशेने बाहेर गेला आहे. काठ्या, कापड व मेखा या तिन्ही साक्षी जुळल्या. हा तीन कमानींचा बोगदा. बाह्यपट जमिनीपर्यंत आहे, म्हणजे पावसाला तो चांगला. परंतु टोकांच्या चार मेखा पक्क्या बसल्याशिवाय तो उभा राहणार नाही. गावच्या माळावर मऊ माती असेल तर खुशाल घ्यावा. तेथे त्याचे निमुळते टोक वाऱ्याकडे करावे. आडवा वारा लागल्यास कमानी चेपतात. शिबिर सड्यावर असेल तर मात्र दुकानदाराकडे घुमटच मागावा.

बोगदा सड्यावर न्यावाच लागला, तर टोकांच्या दोऱ्या दगडांना बांधतात. दोरी केवळ मोठ्या दगडाभोवती गुंडाळली तर दगड घासत सरकतो आणि दोरी झिजते. दोरीच्या टोकाच्या फासात मुठीएवढा दगड अडकवावा, दोरी जमिनीवर सरळ ठेवावी आणि तिच्यावर, लहान दगडाच्या अलीकडे तंबूच्या बाजूला, दोघांनी मिळून उचलावा लागेल असा दगड ठेवावा. ओढ बसली की लहान दगड मोठ्याच्या पाठीशी येऊन अडकतो. दोरी लांब हवी. तंबूसोबत येणाऱ्या आखूड फासांना हा उपाय लागू पडत नाही, म्हणून प्रत्येक टोकासाठी दोन वाव सुतळी वेगळी न्यावी.

चित्रे फसवितात ती बहुधा कोनामुळे. बोगद्याचे चित्र नेमके टोकासमोरून घेतले, तर एकच कमान दिसते आणि तो घुमट वाटतो. उलट, दोन्ही अंगांना लांब पडव्या असलेला घुमट बाजूने बोगद्यासारखा दिसतो. तेथे माथ्यावरील छेद हाच निर्णायक मानावा. काही घुमटांवर माथ्यावरून एक आखूड आडवी काठी जाते, तिची टोके जमिनीस टेकत नाहीत. ती केवळ दारावर छज्जा धरण्यासाठी असते, तिला पाय समजून मोजू नये. पिशवीतून काढताच आपोआप उघडणाऱ्या तंबूत काठ्यांचे पायच नसतात, पोलादी पट्टीची वळी असतात. त्यांचा या पाठात विचार केलेला नाही. जाहिरातीतील चित्रांत तणावे मुद्दाम सोडलेले असतात, तंबू नीटस दिसावा म्हणून; त्यावरून तणाव्यांची गरज नाही असे समजू नये.

एवढे करूनही काही चित्रांवरून निर्णय होत नाही. माथा चौकटीबाहेर कापला गेला असेल, किंवा बाह्यपट जाड व गडद असून काठीची खूण उमटत नसेल, तर तर्क करीत बसू नये. दुकानदारास बाह्यपट काढून, कोपऱ्याकडून, माथा व दोन पाय दिसतील असे दुसरे चित्र पाठविण्यास सांगावे. ते आल्यावर आधी मुलांना दाखवावे, व पहिल्या चित्राच्या वेळी फळ्यावर लिहिलेली उत्तरे मगच पुसावीत.